‘दहाच करते मी’: एका मुलाखतीचं रसग्रहण

घरातल्या माणसाला पक्षाघात झाल्यावर त्याचं सगळं करणाऱ्या नातेवाइकांच्या मुलाखती घेऊन संशोधन करायचं म्हणून मुलं येतात, तेव्हा मी त्यांच्यापुढे आधी एक उतारा ठेवते. तो कुणा एका बाईचा नाही. कुणाची ओळख पटू नये म्हणून तो शिकवण्यासाठी रचलेला आहे. पण त्यातली वाक्यं अशा घरांतून ऐकू येतात त्याच जातीची आहेत. बोलणारी बाई पन्नाशीची. घर साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावात. नवरा एसटीत कंडक्टर होता. सव्वा वर्षापूर्वी त्याला झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. मुलाखत दुपारी, तो झोपल्यावर, पुढच्या खोलीत झाली आहे. मुलाखतकाराने विचारलं आहे एवढंच: ‘तुमचा दिवस कसा सुरू होतो, ते सांगाल का? अगदी उठल्यापासून.’

‘उठायचं. पाचला उठायचं. म्हणजे रात्री दोनदा उठलेलंच असतं, कुशीवर वळवायला. मग पॉट द्यायचा, पुसून घ्यायचं, तोंड धुवायचं. डायपर नाही हो वापरत आम्ही दिवसा. त्यांना आवडत नाही. बोलता येत नाही, पण हात झटकतात. डावा. मग चहा. चहात बिस्कीट कुस्करून द्यायचं, पातळ दिलं की ठसका लागतो. फिजिओच्या ताईंनी सांगितलंय बसवूनच द्या, तर उशा लावून बसवायचं. मग व्यायाम. वीस वेळा हात, वीस वेळा पाय. (थांबतात.) वीस कुठले होतात. दहा. दहाच करते मी. ताईंना वीस सांगते.’

मुलाखतकार थोडा वेळ गप्प आहे. मग म्हणतो, ‘दहा करता.’

‘दहा. त्यांना राग येतो ना. आधी कसं, ते ओरडले की आम्ही सगळे गप्प. आता ओरडता येत नाही, तर नुसतं बघतात. ते बघणं नाही सोसत. सेवा म्हणतात सगळे. नशीबवान म्हणतात त्यांना, अशी बायको मिळाली. करावं लागतं. कोण करणार? सासूबाईंचं पण मीच केलं. (हसतात.) पण त्या बोलायच्या तरी.’

एवढंच. ट्रान्स्क्रिप्टचं अर्धं पान. आता ते वाचू.

पहिल्या चार वाक्यांत कर्ता नाही. उठायचं, द्यायचा, घ्यायचं, धुवायचं. कोण उठतं, कोण देतं, हे ती सांगत नाही आणि सांगायची गरजही नाही, कारण त्या घरात ते दुसरं कुणी करतच नाही. कामांची यादी फळ्यावर लिहिल्यासारखी समोर येते, त्यात बाई नाही. पहिलं सर्वनाम येतं ते डायपरच्या वेळी, आणि ते ‘आम्ही’ आहे. त्यात नवरा सामील आहे, कारण निर्णय त्याचा आहे. तो हात झटकतो. ‘मी’ येतो बराच उशिरा. कुठे? ‘दहाच करते मी’ इथे. वाक्याच्या शेवटी, आणि नेमका तिथे, जिथे तिने सांगितलेलं मोडलं आहे. वीसपैकी दहा कमी करणं हे त्या सकाळचं एकमेव काम आहे, जे तिने स्वतःचं म्हणून सांगितलं. बाकीचं नुसतं होत असतं.

कोडिंग म्हणजे उताऱ्याच्या तुकड्यातुकड्यावर छोटी टिपणं लावत जाणं. ते करायला बसलेला विद्यार्थी इथे बहुतेक वेळा लिहितो, ‘व्यायामाचं अपुरं पालन’. हे टिपण चुकीचं नाही, पण ते फिजिओथेरपिस्टच्या खुर्चीत बसून लिहिलेलं आहे. त्यात बाई नापास झालेली आहे. तिच्या खुर्चीत बसून लिहिलं तर टिपणं वेगळी होतात: ‘त्याचा राग ओळखून व्यायाम कमी करणं’, आणि शेजारी ‘तज्ज्ञाला अपेक्षित आकडा सांगणं’. एका वाक्यातून दोन कोड निघाले याची मुलांना धास्ती वाटते. ती बाळगायचं कारण नाही. तिने एका श्वासात दोन गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्या दोन्हींच्या दिशा वेगळ्या आहेत, एक नवऱ्याकडे जाते, दुसरी दवाखान्याकडे. कोड इतका लांब ठेवावा की सहा महिन्यांनी नुसता तो वाचून उतारा आठवावा. ‘राग’, ‘व्यायाम’, ‘ताण’ असे एका शब्दाचे कोड लावले की पुढे सगळ्या मुलाखती एकसारख्या दिसायला लागतात.

पण हे वाक्य मिळालं कसं, ते आधी बघायला हवं. कारण ते सहज मिळालेलं नाही.

प्रश्न दिवसाचा होता. ‘काळजी घेताना कोणत्या अडचणी येतात?’ असा प्रश्न विचारला असता, तर आर्थिक अडचण येते, झोप होत नाही, कंबर दुखते, अशी फॉर्म भरल्यासारखी उत्तरं मिळाली असती. ती खोटी नसतात, फक्त त्यांत कुणाचंच घर दिसत नाही. दिवस सांगायला लागलं की माणूस क्रमाने जातो, आणि क्रमाने जाताना जिथे घडतं एक आणि सांगायचं असतं दुसरं, तिथे पाय अडखळतो. इथे तो ‘वीस वेळा पाय’नंतर अडखळला. ट्रान्स्क्रिप्टमध्ये तो कंसातला ‘थांबतात’ आहे. टायपिंग बाहेर दिलं की सगळ्यात आधी असे कंस गळतात, कारण टाइप करणारा शब्द टिपतो. म्हणून बाहेरून आलेली प्रत रेकॉर्डिंग ऐकत स्वतः पुन्हा तपासावी लागते. तासाभराच्या मुलाखतीला लिहून काढायलाच चार-सहा तास जातात, त्यात हे आणखी. पण थीमॅटिक ॲनालिसिसमध्ये माहितीशी ओळख करून घेणं म्हणतात ते हेच काम आहे.

आणि मग मुलाखतकाराचं ते ‘दहा करता’. त्यात प्रश्नचिन्ह नाही. तिचाच आकडा त्याने तिला परत दिला आणि थांबला. ‘वीस का नाही करत?’ असं विचारलं असतं, तर तो त्या क्षणी ताईंच्या बाजूला जाऊन बसला असता, आणि बाईने कारणं दिली असती: वेळ नसतो, ते थकतात. ‘अहो, चालतं, दहाही पुष्कळ’ म्हणाला असता, तर त्याने माफी दिली असती आणि विषय तिथेच मिटला असता. त्याने दोन्ही केलं नाही, म्हणून राग आला, आणि रागाच्या मागून ते बघणं आलं. माझ्या मते या अर्ध्या पानावरचं सर्वांत कसबाचं वाक्य हे आहे, आणि ते मुलाखतकाराचं आहे.

हेही खरं, की हीच मुलाखत फिजिओथेरपीच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर झाली असती, किंवा विचारणारा पांढऱ्या कोटात असता, तर कागदावर वीसच आले असते. अशा अभ्यासांत मुलाखत घेणारे पुष्कळदा नर्सिंगचे किंवा फिजिओथेरपीचेच विद्यार्थी असतात. त्यांच्यापुढे आणखी एक पेच असतो. ‘पातळ दिलं की ठसका लागतो’ हे ऐकलं की त्यांचे कान टवकारतात, आणि बरोबरच आहे. झटक्यानंतर गिळण्यात दोष राहिला तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. पण तिथेच थांबून चहा कसा द्यायचा हे शिकवायला घेतलं, तर मुलाखत संपली आणि तपासणी सुरू झाली. वहीच्या कोपऱ्यात खूण करून ठेवायची, रेकॉर्डर बंद झाल्यावर बोलायचं, आणि गिळण्याची तपासणी कुठे होते ते सांगून यायचं. न बोलता निघून येणं मात्र चालणार नाही.

आता ‘ते बघणं नाही सोसत’. इथे उतारा खोल जातो आणि वाचणाऱ्याचा तोलही इथेच जाऊ शकतो. शब्दांवर राहिलं तर कोड होतो ‘नवऱ्याची नजर असह्य वाटणं’. एक पायरी खाली उतरलं तर मागचं वाक्य हाताशी आहे: आधी ते ओरडले की आम्ही सगळे गप्प. म्हणजे त्या घरात आवाजाचा एक कायदा होता. आवाज गेला, कायदा नजरेत जाऊन बसला. ज्याला कुशीवर वळवावं लागतं, त्याच्या डोळ्यांपुढे ती अजून दहावर थांबते. म्हणून दुसरा कोड: ‘आवाज गेल्यावरही टिकलेला धाक’. पहिला कोड शब्दांच्या पृष्ठभागावरचा, दुसरा पोटातला.

पण इथे हात आखडायला हवा. तो खरोखर रागाने बघतो का? आपल्याला ते कळायला मार्ग नाही. वाचा गेलेल्या माणसाचं बघणं रागाचं असेल, वेदनेचं असेल, झटक्यानंतर अनेकांना येणाऱ्या नैराश्याचं असेल. तिने त्याच्या नजरेचा अर्थ लावला आहे आणि आपण तिने लावलेल्या अर्थाचा अर्थ लावतो आहोत. अहवालात ‘रुग्ण चिडलेले असतात’ असं वाक्य गेलं, तर या उताऱ्याने कधीच न दिलेली माहिती आपण त्याच्या नावावर खपवली. मुलाखत तिची आहे. त्याच्याबद्दल ती जे समजते, तेवढंच आपल्या हाती आहे.

शेवटी हसू. ‘सासूबाईंचं पण मीच केलं’ इथे दुसऱ्यांदा ‘मी’ येतो, या वेळी ‘च’ लावून. त्याच्या आधी ‘सेवा म्हणतात सगळे’ आहे. सेवा हा शब्द तिने स्वतःसाठी वापरलेला नाही, लोकांच्या तोंडी घातला आहे. नशीबवानही त्यांनाच म्हणतात, तिला नव्हे. मग ती हसते, आणि हसून झाल्यावर ‘पण त्या बोलायच्या तरी’ म्हणते. पॉट सासूबाईंचाही दिला, पुसलं त्यांनाही, कूस त्यांचीही बदलली. अंगमेहनत तीच होती. फरक एकच सांगितला आहे, बोलण्याचा. काळजीवाहकावरचं ओझं मोजायला झारिट यांची 22 प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात आणि ती उपयोगाची आहे. पण दोन आजारपणांत ओझं सारखंच असेल आणि त्यातलं एकच मुकं असेल, तर तो फरक प्रश्नावलीच्या बेरजेत कुठे दिसणार?

इथवर एका उताऱ्याचं झालं. थीमॅटिक ॲनालिसिसची खरी परीक्षा यापुढे आहे, आणि बहुतेक प्रबंध तिथेच घसरतात.

व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी 2006 साली या पद्धतीच्या सहा पायऱ्या लिहून दिल्या: माहितीशी ओळख, कोड, थीम शोधणं, थीम तपासणं, त्यांना नाव आणि व्याख्या देणं, लिहिणं. त्यांचा लेख प्रचंड वापरला गेला आणि जिना चढावा तसा वापरला गेला. मग त्या दोघींना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं की पायऱ्या मागेपुढे होतात, आणि थीम मातीतून उगवून वर येत नाही, ती वाचणारा घडवतो. तरीही अजून प्रबंधांत शारीरिक त्रास, मानसिक त्रास, आर्थिक अडचणी, सामाजिक आधार असे चार रकाने दिसतात. ते रकाने एकही मुलाखत न घेता लिहिता आले असते. ती प्रश्नांच्या यादीचीच शीर्षकं असतात, फक्त शेवटच्या प्रकरणात जाऊन बसलेली. ओळखायची खूण सोपी आहे: थीमचं नाव वाचून ‘म्हणजे काय म्हणायचंय?’ असा प्रश्न पडला, तर ती थीम नाही, खण आहे. आपल्या बाईचं रात्री दोनदा उठणं शारीरिकच्या खणात, ती नजर मानसिकच्या, सासूबाई सामाजिकच्या खणात गेल्या की उताऱ्याचा जीव गेला.

थीमला एक म्हणणं असावं लागतं. या उताऱ्यावरून पहिला अंदाज असा बांधता येईल: ‘काळजी घेणारे घरातले खरे निर्णय तज्ज्ञांपासून लपवतात.’ म्हणणं आहे, जोरही आहे. आता ते दुसऱ्या मुलाखतींवर घालून बघायचं. समजा पुढची मुलाखत एका मुलाची आहे. आईला झटका आला आहे, तो वहीत वेळा लिहितो, वीस म्हणजे वीस करून घेतो, आई रडली तरी. त्याचं पहिलंच वाक्य ‘मी सगळं शेड्यूल लावून घेतलं’ असं आहे. लपवण्यासारखं त्याच्याकडे काहीच नाही. आपला अंदाज इथे पडला.

अशा वेळी दोन मोह होतात. एक म्हणजे मुलाला ‘अपवाद’ म्हणून तळटीपेत ढकलणं. दुसरा, थीम इतकी पातळ करणं की दोघंही तिच्यात मावतील: ‘काळजी घेण्याच्या विविध पद्धती’. दोन्ही टाळून त्या दोघांना समोरासमोर बसवलं, तर निराळंच दिसतं. बाई नवऱ्यापुढे दहावर थांबते, कारण त्या घरात तो वरचा होता. मुलगा आईकडून वीस करून घेतो, कारण त्या घरात आईचं रडणं कधीच कुणाला थांबवत नव्हतं. झटक्याने माणसाची बाजू जाते, वाचा जाते; घरातली त्याची जुनी पायरी सहजासहजी जात नाही, आणि व्यायाम किती वेळा होणार हे ती पायरी ठरवते. आता थीमचं नाव ठेवता येईल: ‘अंग गेलं, हुद्दा राहिला’. लपवणं त्या थीमच्या आत एक भाग म्हणून राहतं, शीर्षक म्हणून नाही.

हीही तपासायची. ‘आता मी घाबरत नाही त्यांना, आता माझं ऐकावं लागतं’ असं एखादी बायको म्हणाली, तर राहिला हे क्रियापद बदलावं लागेल. हुद्दा कधी टिकतो आणि कधी उलटतो, हे थीममध्ये आणावं लागेल. तिला ‘नऊ मुलाखतींतली एक’ म्हणून सोडता येणार नाही, कारण इथे थीम डोकी मोजून ठरत नाही. किती मुलाखती पुरतात या प्रश्नाला 12 हे उत्तर तयार असतं. त्याचा उगम गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या 2006 च्या लेखात आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांतल्या बऱ्याचशा एकसारख्या स्त्रियांच्या मुलाखतींवरून त्यांनी तो आकडा मांडला होता. बायको, मुलगा, सून आणि जावई एकाच अभ्यासात घेतल्यावर तोच आकडा ताईत म्हणून बांधणं मला तरी हास्यास्पद वाटतं.

या दहा-वीसला एक मोठा संदर्भ आहे, म्हणून मी हा उतारा सोडत नाही. भारतातल्या 14 रुग्णालयांत 1250 रुग्ण घेऊन ‘अटेंड’ नावाची चाचणी झाली. पक्षाघाताच्या रुग्णाचं पुनर्वसन घरच्यांना शिकवून घरीच करून घेता येईल का, हा प्रश्न होता. फिजिओथेरपिस्ट सगळीकडे पोचत नाहीत अशा देशात तो अगदी रास्त होता. निकाल 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला: सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्व यांत दोन गटांत फरक पडला नाही. आपल्या बाईच्या दहावरून त्या निकालाचं कारण सांगता येणार नाही. तसं कुणी लिहिलं तर त्याला परीक्षेत खाली बसवावं. व्यायाम मुळातच पुरेसा प्रभावी नसेल, मेंदूची हानी मोठी असेल, आणखीही बरंच असेल. पण ‘घरच्यांना शिकवलं’ आणि ‘घरी झालं’ यांच्यामध्ये एक खोली आहे, तिथे उशा लावून बसवलेला नवरा बायकोकडे बघतो आहे, आणि पुढच्या वेळी असा कार्यक्रम आखणाऱ्याला त्या खोलीत काय चालतं हे माहीत असलेलं बरं. फिजिओने ‘वीस होतात ना?’ असं न विचारता ‘कितीव्या वेळेला ते हात झटकतात?’ असं विचारलं, तर त्याला खरं उत्तर मिळण्याची शक्यता आहे. माझ्या दृष्टीने अशा अभ्यासातून निघालेली एवढी एक शिफारस चार पानी समारोपापेक्षा जास्त कामाची.

आता समजा हा उतारा खऱ्या मुलाखतीतला आहे आणि तो अहवालात छापायचा आहे. नाव बदललं म्हणजे झालं, असं मुलांना वाटतं. पण ‘साताऱ्याकडचा तालुका, एसटीतला कंडक्टर, सव्वा वर्ष, उजवी बाजू, वाचा गेलेली’ एवढं वाचल्यावर गावातल्या ताईंना ती बाई ओळखायला किती वेळ लागेल? आणि ओळखल्यावर पुढचंच वाक्य आहे ‘ताईंना वीस सांगते’. जगाला ती अनोळखी राहील. ज्या एका माणसापासून तिने ही गोष्ट लपवली होती, त्यालाच तेवढी कळेल. मुलाखतीला संमती देताना तिने रेकॉर्डिंगला होकार दिला होता, ताईंना कळण्याला नाही. तेव्हा कंडक्टर काढायचा, तालुका काढायचा, महिने सैल करायचे. गरज पडली तर आजाराची बाजूही सांगायची नाही, आणि मग ‘डावा’ हा शब्दसुद्धा गाळावा लागतो. तो गाळताना मला वाईट वाटतं, कारण एका शब्दात तिने नवऱ्याचं उरलेलं शरीर दाखवलं होतं. तरी गाळायचा. आणि उतारा कुठे छापणार हे तिला आधी वाचून दाखवायचं. ती म्हणाली की ते दहा-वीसचं नको, तर थीम राहील, पण तिच्याखाली दुसऱ्या कुणाचं तरी वाक्य शोधावं लागेल.